हप्ता तोच, मग मुद्दल का हलत नाही? शेड्यूल आणि व्याजाचं सर्टिफिकेट शेजारी ठेवून बघा

प्रश्न: सर, मार्च २०२१ ला मिरजेत फ्लॅट घेतला. बँकेचं २० लाख कर्ज, १५ वर्षं, ७ टक्के, हप्ता १७,९७७. एकही हप्ता चुकवलेला नाही. सँक्शनच्या वेळी दिलेल्या शेड्यूलमधे मार्च २०२५ अखेर बाकी १६,५१,६११ आहे आणि बँकेच्या सर्टिफिकेटवर १७,७६,९६४. सव्वा लाख कुठं गेले? बँकेनं घोळ घातलाय का? चारही वर्षांची सर्टिफिकेटं जोडलीत.

उत्तर:

ताई, सर्टिफिकेटं बघितली, हिशोब करून पण बघितला, बँकेच्या आकड्यात चूक नाहीये. सव्वा लाख कुणी खाल्ले नाहीत, ते व्याजात गेलेत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं कर्ज आता १५ वर्षांचं राहिलेलंच नाही, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. मी सांगलीत बरीच वर्षं कर्जाच्या फायली आणि रिटर्नची कामं बघतोय, २०२३ पासून माझ्याकडं येणाऱ्या दर दोन-तीन फायलींमधे हेच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या हातातले दोन कागद नक्की काय सांगतात ते बघू. सँक्शनच्या दिवशी मिळालेलं शेड्यूल म्हणजे १८० ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि उरलेली बाकी. पण तो तक्ता एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे शेवटपर्यंत दर ७ टक्केच राहणार. तुमचं कर्ज फ्लोटिंग आहे, त्यामुळं दर बदलला त्या दिवशी तो तक्ता जुना झाला. बँक तो आपोआप नवीन छापून घरी पाठवत नाही, नेट बँकिंगमधे किंवा शाखेत मागितला तर मिळतो. सर्टिफिकेट मात्र झालेल्या गोष्टीचं असतं, त्या आर्थिक वर्षात तुम्ही भरलेल्या पैशातलं व्याज किती आणि मुद्दल किती. म्हणजे शेड्यूल हा अंदाज आणि सर्टिफिकेट हा निकाल. दोन्ही शेजारी ठेवले की कर्ज कुठं घसरलं ते वर्षासकट दिसतं.

तुमचं पहिलं वर्ष बघा, २०२१-२२. शेड्यूलमधल्या पहिल्या १२ ओळींच्या मुद्दलाची बेरीज ७८,२०१ आणि व्याजाची १,३७,५२३. सर्टिफिकेटवर पण हेच आकडे. म्हणजे मार्च २०२२ पर्यंत कर्ज रुळावर होतं, बाकी १९,२१,७९९. काही जणांचं पहिल्याच वर्षी थोडं जुळत नाही, कारण पैसे महिन्याच्या मधे सुटले की पहिल्या हप्त्याआधीच्या दिवसांचं व्याज वेगळं लागतं, किंवा कर्जाच्या विम्याचा प्रीमियम कर्जातच घातलेला असतो आणि सुरुवातच २० लाखांऐवजी २० लाख ४० हजारांनी होते. तुमच्यात तसं काही नाही.

आता दुसरं वर्ष, २०२२-२३. शेड्यूल म्हणतं मुद्दल ८३,८५५ फिटायला पाहिजे. सर्टिफिकेट म्हणतं ५९,६९१. इथं पहिला झटका. तिसऱ्या वर्षी शेड्यूल ८९,९१६, प्रत्यक्षात ४०,५५९. चौथ्या वर्षी शेड्यूल ९६,४१६, प्रत्यक्षात ४४,५८५. तुम्ही दर वर्षी २,१५,७२४ च भरलेत, त्यात एक रुपया इकडं तिकडं नाही, फक्त त्यातला वाटा सरकलाय. शेड्यूलपेक्षा जे मुद्दल कमी फिटलं ते तीन वर्षांचं मिळून १,२५,३५२ होतं, आणि तुम्ही विचारलेला सव्वा लाख तो हाच.

आता हे झालं का? मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर वाढवायला सुरुवात केली. तेव्हा रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मधे ६.५ झाला, म्हणजे नऊ-दहा महिन्यात अडीच टक्के वर. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, आणि दर तीन महिन्यातून किमान एकदा रिसेट करावाच लागतो. तुमच्या सँक्शन लेटरवर रेपो अधिक ३ टक्के असं आहे. त्यामुळं तुमचा दर जुलै २०२२ ला ७.९, ऑक्टोबरला ८.९, जानेवारी २०२३ ला ९.२५ आणि एप्रिल २०२३ ला ९.५ झाला. हप्ता वाढवायच्या ऐवजी बँकेनं मुदत वाढवली. आपल्या खात्यातून तेवढेच पैसे जात राहिले की आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

एकच महिना जवळून बघा म्हणजे कळेल. एप्रिल २०२३, तुमचा २५ वा हप्ता. जुन्या शेड्यूलच्या २५ व्या ओळीत लिहिलंय, व्याज १०,७२१, मुद्दल ७,२५६. प्रत्यक्षात त्या महिन्यात बाकी होती १८,६२,१०८, त्यावर ९.५ टक्क्यानं महिन्याचं व्याज झालं १४,७४२, आणि १७,९७७ मधून ते गेल्यावर मुद्दलाला उरले ३,२३५. अर्ध्याहून कमी. तुमची मुदत १५ वर्षांची होती म्हणून एवढं तरी उरलं. हेच २० लाख कुणी २० वर्षांसाठी ७ टक्क्यानं घेतले असते तर हप्ता साधारण साडेपंधरा हजाराचा, आणि त्या महिन्यात त्याच्या मुद्दलाला जेमतेम अडीचशे रुपये गेले असते. तशा लोकांचे हप्ते मग बँकांना वाढवावेच लागले.

दर खरंच किती लागला हे सर्टिफिकेटवरूनच तपासायची एक सोपी रीत आहे, ती मी प्रत्येकाला शिकवतो. वर्षाच्या सुरुवातीची बाकी आणि शेवटची बाकी मिळवा, त्याचं निम्मं करा, आणि वर्षाच्या व्याजाला त्यानं भागा. तुमचं २०२४-२५: सुरुवात १८,२१,५४९, शेवट १७,७६,९६४, मधला आकडा साधारण १७,९९,२५६. व्याज १,७१,१३९. भागलं की ९.५१ टक्के येतं. बँकेनं कळवलेला दर ९.५, म्हणजे बरोबर. पहिल्या वर्षाचं असंच केलं तर ७.०१ येतं. पॉइंट शून्य एक-दोनचा फरक सोडून द्या, तो या रीतीचाच आहे. पण पाव टक्क्याचा फरक आला आणि त्या वर्षात दर बदललेला नसेल, मोठं पार्ट पेमेंट पण केलेलं नसेल, तर मात्र शाखेत जाऊन विचारायचं की कुठल्या तारखेला कुठला दर लावला. सर्टिफिकेटवर बाकी छापलेली नसेल (बऱ्याच बँकांच्या नसते) तर मूळ रकमेतून वर्षावर्षाचं मुद्दल वजा करत यायचं, आणि एकदा लोन अकाउंटच्या स्टेटमेंटशी ताळा घ्यायचा.

ही रीत सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाला पण चालते. आपल्याकडं सांगली-मिरजेत कितीतरी घरं त्यांच्याच कर्जावर उभी आहेत. रेपोला बांधायचा नियम त्यांना नाही, दर संचालक मंडळ ठरवतं, त्यामुळं रेपो उतरला म्हणून तिथला दर उतरेलच असं नाही, पण लागलेला दर काढायचा तर हाच भागाकार.

आता मुदतीचं. मार्च २०२५ अखेर तुमचे ४८ हप्ते झाले, जुन्या शेड्यूलप्रमाणे १३२ उरायला पाहिजेत. खरे किती उरलेत ते मोबाईलवरच्या शीटमधे एका ओळीत निघतं, दर, हप्ता आणि बाकी एवढंच घालायचं:

```
=NPER(9.5%/12,-17977,1776964)
```

उत्तर येतं १९३.५. म्हणजे १३२ ऐवजी १९४ हप्ते, पाच वर्षांच्या वर जास्त. चार वर्षं नियमित भरून सुद्धा तुमचं १५ वर्षांचं कर्ज मार्च २०२५ ला एकूण २० वर्षांचं झालं होतं. ताई, सव्वा लाखापेक्षा हा आकडा जास्त बघण्यासारखा आहे, आणि तो सर्टिफिकेटवर कुठंच छापलेला नसतो.

बरं, त्यानंतर रेपो उतरलाय. फेब्रुवारी २०२५ मधे ६.२५, एप्रिलमधे ६, जूनमधे ५.५. तुमचा रिसेट तिमाहीचा आहे, म्हणून एप्रिलपासून ९.२५ आणि जुलै २०२५ पासून ८.५ व्हायला पाहिजे. एप्रिल ते जूनचे तीन हप्ते जाऊन बाकी येते १७,६४,०२६. आता तोच फॉर्म्युला ८.५ टक्के आणि या बाकीवर लावला की १६८.३ येतं, म्हणजे १६८ हप्ते आणि शेवटी एक छोटा. म्हणजे दर उतरल्यावर २० च्या वर हप्ते आपोआप कमी झाले, चांगलंच आहे. पण मूळ शेड्यूलप्रमाणे आता १२९ च उरले असते. ३९ हप्ते अजून जास्तच आहेत. लोक म्हणतात दर वाढला तेव्हा मुदत वाढली, आता दर कमी झाला की परत येईल, पण ती पूर्ण परत येत नाही. एक तर दर ७ वर आलेला नाही, आणि चढ्या दराच्या काळात जे मुद्दल फिटायचं राहून गेलं त्यावर अजून व्याज चालूच आहे.

मग करायचं काय? पहिला मार्ग हप्ता वाढवायचा. कर्ज मूळ तारखेलाच, मार्च २०३६ ला संपवायचं असेल तर किती हप्ता लागेल ते असं काढा:

```
=PMT(8.5%/12,129,-1764026)
```

२०,९०६ येतं. आत्तापेक्षा २,९२९ जास्त. १६८ महिने १७,९७७ आणि शेवटचा छोटा हप्ता भरला तर एकूण ३० लाख २५ हजार जातात, १२९ महिने २०,९०६ भरले तर २६ लाख ९७ हजार. दर आहे तोच राहिला असं धरून सव्वातीन लाखांचा फरक. तुमच्या पगारात गेल्या चार वर्षात २,९२९ ची वाढ झाली असेल तर मी हाच मार्ग सांगेन, कारण एकदा लिहून दिलं की परत लक्ष द्यायला लागत नाही.

दुसरा मार्ग पार्ट पेमेंटचा. हप्ता तोच ठेवून एका दमात मूळ तारखेवर यायचं तर २ लाख ४७ हजार भरावे लागतील, ते सगळ्यांना जमत नाही. पण थोडे भरले तरी मुदतीवर जोरात परिणाम होतो. घरात उसाचं बिल आलं, बोनस आला, भिशी लागली आणि त्यातले ५० हजार आत्ता मुद्दलात टाकले तर १६८ चे साधारण १५९ हप्ते होतात. पन्नास हजारात नऊ हप्ते, म्हणजे पुढचे एक लाख साठ हजार वाचले. फ्लोटिंग गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व भरण्याचा दंड बँक लावू शकत नाही, त्यामुळं कुणी चार्ज सांगितला तर लेखी मागा. एक मात्र आहे, हातातली सगळी शिल्लक कर्जात ओतू नका, दवाखाना-शाळेचे पाच-सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच. कर्जात टाकलेला पैसा परत काढता येत नाही, ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तरच निघतो.

पार्ट पेमेंट केल्यावर लोक पावती घेऊन घरी येतात आणि विषय संपला असं धरतात. इथंच बघायचं असतं. कधी कधी ती रक्कम मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांचा ॲडव्हान्स म्हणून पडून राहते. कधी बँक मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करते, मग तुम्हाला जे पाहिजे होतं ते होतच नाही. तपासणी सोपी आहे, पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमधलं व्याज बघा. ८.५ टक्क्यावर ५० हजारांचं महिन्याचं व्याज ३५४ रुपये होतं, तेवढं व्याज कमी झालेलं दिसलं पाहिजे आणि हप्ता १७,९७७ च राहिला पाहिजे. नसेल तर लगेच शाखेत अर्ज, मार्चपर्यंत थांबायचं नाही.

शाखेत गेल्यावर काय मागायचं ते पण सांगतो. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे, हप्त्याच्या फ्लोटिंग कर्जांच्या रिसेटबद्दल. त्यात स्पष्ट आहे की दर बदलून हप्ता किंवा मुदत बदलत असेल तर कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि दर तिमाहीला असं स्टेटमेंट उपलब्ध करायचं ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल-व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. बँका, सहकारी बँका, हाउसिंग फायनान्स कंपन्या सगळ्यांना लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथं हा आधार चालत नाही. तुमची बँक आहे, तर तुम्ही ते तिमाही स्टेटमेंट आणि आजच्या तारखेचं नवीन शेड्यूल असे दोन कागद मागा. उरलेले हप्ते हा आकडा तिथं छापून मिळतो, तो तुमच्या १६८ शी लावून बघा. एखाद-दुसरा हप्ता इकडं तिकडं चालेल.

टॅक्सबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही जुन्या पद्धतीनं रिटर्न भरता असं लिहिलंय. जानेवारीच्या सुमारास ऑफिसमधे द्यायला जे प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढतो ते मार्चपर्यंतचे हप्ते येणार असं धरून केलेलं असतं, अंतिम एप्रिलनंतर मिळतं. रिटर्न भरताना अंतिमच घ्या. आणि शेड्यूलवरून तर कधीच आकडे उचलू नका. २०२२-२३ चं उदाहरण घ्या, शेड्यूलवरून भरलं असतं तर व्याज १,३१,८६९ दाखवलं असतं, खरं होतं १,५६,०३३, म्हणजे २४ हजारांची वजावट सुटली असती (स्वतः राहता त्या घराला मर्यादा २ लाखांची आहे, तुम्ही त्याच्या आत आहात). उलट ८०सी मधे मुद्दल ८३,८५५ दाखवलं असतं आणि खरं ५९,६९१ च, म्हणजे जास्त दाखवल्याची चूक. पीएफ आणि विम्यानं तुमची दीड लाखाची मर्यादा आधीच भरत असेल तर त्यानं फरक पडत नाही, पण खरा आकडाच लिहायचा.

आता एप्रिल २०२६ मधे २०२५-२६ चं सर्टिफिकेट येईल तेव्हा काय बघायचं ते आत्ताच लिहून ठेवा. समजा तुम्ही हप्ता वाढवला नाही, पार्ट पेमेंट केलं नाही, आणि जुलैपासून दर ८.५ वरच राहिला. तर त्या वर्षाचं मुद्दल ६३,७०० च्या आसपास आणि व्याज १,५२,००० च्या आसपास दिसलं पाहिजे. दर अजून उतरला तर मुद्दल याहून जास्त. पण मुद्दलाच्या रकान्यात ५३-५४ हजार दिसले, तर जुलैची कपात तुमच्या खात्याला लागलेलीच नाही, दर ९.२५ वरच अडकलाय असं समजा आणि सँक्शन लेटरची झेरॉक्स घेऊन शाखेत जा. खरं तर एप्रिलची वाट बघायची पण गरज नाही, जुलै २०२५ च्या हप्त्यातलं व्याज १२,४९५ च्या जवळ आहे का एवढं स्टेटमेंटमधे बघितलं तरी कळतं. ते १३,६०० च्या घरात असेल तर अर्ज कसा लिहायचा ते मला विचारा, मसुदा देतो.